ताडपत्रीचे दोन हंगाम: वाशीम जिल्ह्यातल्या एका छोट्या दुकानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

वाशीम जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव. आजूबाजूचा सगळा पट्टा सोयाबीन आणि तुरीचा. बसस्टँडकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका नवरा-बायकोचं शिलाईचं दुकान आहे. दप्तरं, पिशव्या, मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवणं आणि चेन बदलून देणं हे त्यांचं वर्षभराचं काम. मार्च ते मे हाताला काम कमी असतं. म्हणून त्यांनी पावसाळी मालाचा हंगामी धंदा जोडायचं ठरवलं. दुकान स्वतःचं होतं, त्यामुळे वेगळं भाडं नव्हतं. भांडवल ८०,००० रुपये: ३०,००० घरचे, ५०,००० बायकोच्या बचत गटातून महिन्याला दीड टक्का व्याजाने.

ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव दिलेलं नाही. खाली आलेले भाव त्यांच्या खरेदी-विक्रीचे आहेत, बाजारभाव म्हणून ते धरू नयेत. वर्षागणिक आणि व्यापाऱ्यागणिक ते बदलतात.

या प्रकरणात शिकण्यासारखं ताडपत्रीतच जास्त आहे. छत्री आणि रेनकोटचा धंदा कुणालाही समजतो. ताडपत्री मात्र फुटांवर विकली जाते आणि किलोवर बनते. या दोन मापांच्या मधल्या फटीतच नवा दुकानदार फसतो.

पहिली खरेदी

मेच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी अकोल्याहून माल आणला. २२,००० रुपयांचे रेनकोट आणि छत्र्या, १५,००० ची पन्नी (काळ्या आणि पांढऱ्या प्लास्टिकचे रोल) आणि ४३,००० च्या ताडपत्र्या. ताडपत्र्या बहुतेक १२ बाय १८ आणि १५ बाय १८ फुटांच्या होत्या. हिशेब असा की जूनमध्ये लोक घराचं छप्पर, गोठा, सरपण आणि कुटाराचा ढीग झाकतात, त्याला छोटं माप पुरतं.

हिशेब चुकीचा नव्हता. मृग लागला तसा छोटा माल भराभर गेला. पन्नी किलोवर सुटी जात होती. निंदणाला जाणाऱ्या बायका मेणकापड म्हणून दोन-दोन मीटर कापून नेत. लहान मुलांचे रेनकोट जूनच्या शेवटच्या आठवड्यात उठले. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडतात, म्हणून पंधरा जूनला हा माल हलला नाही याची चिंता करण्याचं कारण नव्हतं.

मग पावसाने दडी मारली. पेरणी झालेली, पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला, वरून पाणी नाही. ज्याचं छप्पर गळत नाही तो पन्नी कशाला घेईल? जुलैअखेर हिशेब केला तेव्हा ५५,००० ची विक्री झाली होती. त्यातले ४६,००० रोख आणि ९,००० उधारीत. दुकानात खरेदीच्या भावाने ३८,००० चा माल उरला होता: ताडपत्र्या २४,००० च्या, मोठ्या माणसांचे रेनकोट ९,००० चे, पन्नी ५,००० ची.

अडचण नेमकी कोणती होती

वरवर पाहता अडचण उरलेल्या मालाची होती. खरी अडचण होती पैशाच्या वेळापत्रकाची. सोयाबीनच्या पट्ट्यात शेतकऱ्याच्या हातात जून-जुलैत सगळ्यात कमी पैसा असतो आणि पावसाळी माल नेमका तेव्हाच विकायला मांडला जातो. पैसा येतो सोयाबीन निघाल्यावर, म्हणजे सप्टेंबरअखेर ते दिवाळी. त्याच वेळी ताडपत्रीची गरजही सगळ्यात मोठी असते, कारण परतीचा पाऊस. कापलेलं सोयाबीन शेतात ढीग लावून पडलेलं असतं, मळणीयंत्राचा (इकडे हडंबा म्हणतात) नंबर लागायला चार-आठ दिवस जातात, आणि त्यात एक रात्र पाऊस पडला तर शेंगेतच दाणा फुगतो, काळा पडतो, कोंब धरतो. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे, त्यामुळे भिजलेला माल तिथे चालत नाही आणि बाजारातही भाव पाडून मागतात. हजारोंचा माल वाचवायचा असतो, म्हणून जूनमध्ये दोनशे रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस ऑक्टोबरमध्ये अडीच हजारांची ताडपत्री उभ्याउभ्या घेतो.

म्हणजे ताडपत्रीला दोन हंगाम आहेत. जूनचा हंगाम घराचा आणि छोट्या मापाचा, ऑक्टोबरचा शेताचा आणि मोठ्या मापाचा. या जोडप्याकडे ऑगस्टमध्ये उरला होता तो पहिल्या हंगामाचा माल.

छोटं माप का चालत नाही, ते मोजूनच कळतं. तळाला १५ फूट रुंद आणि मध्यात ७ फूट उंच ढीग असेल, तर एका बाजूचा उतार सव्वादहा फुटांच्या आसपास येतो. दोन्ही बाजू मिळून साडेवीस फूट. खाली दोन्हीकडे दीड-दीड फूट झालर सोडली, की पाणी ढिगाच्या पायाशी न पडता बाहेर पडतं. एकूण साडेतेवीस. म्हणून रुंदी २४ फुटांची लागते. १८ फुटी ताडपत्री घातली तर ढिगाचा खालचा घेर उघडा राहतो आणि वरचं सगळं पाणी तिथेच ओघळतं. असं झाकणं न झाकण्यापेक्षा वाईट, कारण पाणी एका जागी गोळा होतं.

तोललेले पर्याय

पहिला पर्याय, उरलेला माल स्वस्तात काढून कर्ज कमी करायचं. गावातल्याच मोठ्या दुकानदाराने ताडपत्र्या ३० टक्के कमी भावाने मागितल्या. २४,००० च्या मालावर ७,२०० ची थेट खोट.

दुसरा, माल पुढच्या जूनपर्यंत ठेवायचा. यात व्याज चालू राहतं आणि उंदरांची भीती असते. घडी घातलेल्या ताडपत्रीत उंदराने एकदा दात मारला, की घडीच्या प्रत्येक थराला त्याच जागी भोक पडतं.

तिसरा पर्याय बायकोने सुचवला. आपल्याकडे मशीन आहे, दोन १२ बाय १८ जोडून एक २४ बाय १८ करू. विचार चांगला होता आणि त्यांनी तो आधी एका नगावर करून पाहिला, हे विशेष महत्त्वाचं. दुहेरी शिलाई मारून जोड चार खाटांच्या मध्ये ताणला, झोळ केला आणि दोन बादल्या पाणी ओतलं. थोड्याच वेळात शिलाईच्या रेषेवर खालून थेंब दिसायला लागले. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक उघडंच राहतं, दोरा ते भरत नाही. वरून रबर सोल्युशन लावलं तर सुकल्यावर ते पापुद्र्यासारखं निघून आलं. पॉलिथिनला साधा गोंद धरतच नाही.

मग त्यांनी इस्त्री वापरली. ताडपत्रीची वीण जाड प्लास्टिकच्या पट्ट्यांची असते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिकचा लेप असतो. हा लेप विणीच्या आधी, कमी उष्णतेला वितळतो. तीन इंच एकावर एक घेऊन, वर बटर पेपर ठेवून, मध्यम तापाची इस्त्री हळूहळू दाबत न्यायची. लेप वितळला की दोन्ही तुकडे एकजीव होतात. ताप जास्त झाला तर वीण आकसते, कापड सुरकुततं आणि तिथे पुढे फाटतं. जोड नीट बसला की नाही हे थंड झाल्यावर कळतं: कडेला नख घालून उचलायचं, पदर सुटा झाला तर परत करायचं. अशा जोडातून पाणी आलं नाही. पण १८ फुटांच्या एका जोडाला तासावर वेळ जात होता, आणि वारा सुटल्यावर तो किती ताण सोसेल याची खात्री नव्हती.

चौथा पर्याय, न उघडलेल्या गाठी अकोल्याच्या व्यापाऱ्याला परत करून त्यातून मोठा माल घ्यायचा.

आणि पाचवा, मोठ्या ताडपत्र्या विकण्याऐवजी दिवसाच्या भाड्याने द्यायच्या.

काय ठरवलं आणि का

त्यांनी कोणताही एक पर्याय पूर्ण घेतला नाही. १६,००० रुपयांच्या बंद गाठी व्यापाऱ्याने ८ टक्के कापून परत घेतल्या, म्हणजे १४,७२० पदरात पडले. तोटा १,२८० चा झाला, पण गावातल्या दुकानदाराला विकला असता तर याच मालावर ४,८०० गेले असते. उघडलेल्या ८,००० च्या ताडपत्र्यांपैकी काहींचे चार जोड इस्त्रीने करून ठेवले आणि ‘जोड’ म्हणूनच, सांगून, कमी भावात विकायचं ठरलं. या दोघांचं गावात नाव आहे ते कामाच्या चोखपणावर. जोड लपवून विकला असता तर शिलाईच्या गिऱ्हाइकावरही त्याचा परिणाम झाला असता, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

मोठी खरेदी करायला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेले तेव्हा दुकानदाराने सोबत हातात मावणारा स्प्रिंगकाटा नेला. या प्रकरणातला सगळ्यात कामाचा निर्णय हाच. ताडपत्रीची जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. लेबलवर १५० छापणं सोपं आहे, वजन मात्र काट्यावर उघडं पडतं. हिशेब असा: लांबी फुटात गुणिले रुंदी फुटात गुणिले जीएसएम, भागिले १०,७६४. उत्तर किलोत येतं. २४ बाय ३० ची १५० जीएसएम ताडपत्री १० किलोच्या आसपास भरली पाहिजे, १८ बाय २४ ची १२० जीएसएम ४.८ किलो.

पहिल्या दुकानात ‘२४ बाय ३०, १५० जीएसएम’ लिहिलेला नग ८.१ किलो भरला. म्हणजे तो प्रत्यक्षात १२० च्या घरातला होता. टेप लावल्यावर मापही लांबीत आणि रुंदीत पाऊण-एक फूट कमी निघालं. व्यापारी म्हणाला, “भाऊ, हे कटिंगचं माप आहे, कडा मुडपल्यावर एवढं कमी होतेच.” हे खरं आहे, कडा मुडपल्यावर माप घटतं. पण वजनाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. तिथून ते उठले आणि किलोवर भाव सांगणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेले. त्याच्याकडे नव्या प्लास्टिक-दाण्याचा माल १९० रुपये किलो होता आणि भंगार मिसळलेला १४०.

त्यांनी १९० चा घेतला. फरक डोळ्याला आणि हाताला कळतो. भंगार मिसळलेल्या मालाला उग्र वास येतो, उजेडात धरला की काळे-तपकिरी ठिपके दिसतात, आणि घडी मोडली की तो कडकडतो. उन्हाकडे धरून सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का, हेही पाहिलं. कोपरा अंगठ्याने जोरात चोळून लेप सुटतो का ते पाहिलं. चारही कडांच्या मुडपीत दोरी आहे आणि दर तीन फुटांवर ॲल्युमिनियमचं कडं आहे, हे तपासलं. उन्हापासून टिकण्याचं द्रव्य घातलं आहे की नाही, हे मात्र दुकानात कळत नाही. ते एका उन्हाळ्यानंतर कळतं, जेव्हा खराब माल हातात भुगा होतो. त्यासाठी भाव मोजून, बिल घेऊन, ओळखीच्याकडून घेणं एवढंच करता येतं.

एकूण खरेदी ५५,००० ची: २४ बाय ३० चे २० नग, प्रत्येकी १,९००; १८ बाय २४ चे १८ नग, प्रत्येकी ९१०; बाकी माल आणायच्या गाडीचं भाडं. यात परतीचे १४,७२० घातले, उरलेले विक्रीच्या रोखीतून दिले. वीस मोठ्यांपैकी काही भाड्यासाठी वेगळे काढून त्यांच्या कोपऱ्यावर ऑइलपेंटने नंबर टाकले.

ऑक्टोबरमध्ये काय घडलं

विक्री पावसाच्या अंदाजावर चालली. आभाळ निरभ्र असलं की चार-चार दिवस एकही नग जात नसे. मोबाइलवर पावसाचा इशारा फिरला की संध्याकाळी पाच ते आठ या वेळात रांग लागे. अशा एकाच संध्याकाळी पाच मोठे नग गेले. त्यामुळे दुकान त्या महिन्यात रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायचा निर्णय योग्य ठरला.

तक्रार आली ती पहिल्या पावसानंतर तिसऱ्याच दिवशी. एक शेतकरी ताडपत्री खांद्यावर घेऊन आला. “भाऊ, तुही ताडपत्री झिरपली ना! वरचं सारं ओलंचिप्प झालं. मले दुसरी दे, नाई तं पैसे वापस दे.” दुकानदाराने वाद घातला नाही, नवी दिली. पुढच्या आठवड्यात आणखी दोघे तशीच तक्रार घेऊन आले. तेव्हा मात्र बदलून देण्याआधी तो शेतात गेला.

ढिगावरून ताडपत्री उचलली तर आतल्या बाजूला सगळीकडे सारखे बारीक थेंब लागलेले होते. ढिगाचा वरचा वीतभर थर सारखाच दमट होता, त्याखालचा कोरडा. हात आत घातला तर गरम लागत होतं. ही गळती नव्हती, घाम होता. सोयाबीन कापल्या-कापल्या, पानं आणि देठ ओले असतानाच ढीग लावून बंद केला होता. दिवसा ऊन लागलं की आतलं पाणी वाफ होऊन वर येतं, रात्री प्लास्टिक थंड पडलं की त्याच वाफेचे थेंब होऊन खाली पडतात. चांगल्या ताडपत्रीत हे जास्त होतं, कारण तिच्यातून वाफ बाहेर जायला वाट नसते.

गळती वेगळी दिसते. भोकाखाली एकाच जागी ओल असते आणि ती ढिगात खोल उतरत जाते. तिसरा प्रकारही त्याने त्याच दिवशी दुसऱ्या शेतात पाहिला: वर कोरडं, तळाला चिखल. तिथे ढीग सखल जागी होता आणि काळ्या जमिनीवरून वाहिलेलं पाणी खालून शिरलं होतं. शेतकऱ्याच्या लेखी तिन्ही तक्रारी ‘ताडपत्री झिरपली’ हीच होती.

यानंतर त्याने मोठा नग विकताना तोंडी चार गोष्टी सांगायला सुरुवात केली, आणि त्या सांगितल्याशिवाय पैसे घेतले नाहीत. एक, कापणीनंतर सड्यावर उन्हात एक-दोन दिवस वाळू द्या, मगच ढीग लावा. दोन, ढीग उंचवट्यावर, खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा थर देऊन लावा आणि भोवती हातभर चर काढा. तीन, पाऊस नसेल तर दिवसा दोन्ही बाजू वर करून ठेवा, संध्याकाळी झाका. चार, ताडपत्रीवर दगड ठेवू नका, वाऱ्याने ते घासून भोक पाडतात. दोन पोत्यांत माती भरून, दोरीने जोडून, ढिगाच्या दोन बाजूंना लोंबकळती सोडा, आणि कड्यात ओवलेली सुतळी खुंटीला बांधा. शेवटची सूचना फारशी कुणी पाळली नाही. तिसरी मात्र बहुतेकांनी पाळली आणि त्यानंतर घामाची तक्रार आली नाही.

पहिल्या शेतकऱ्याने परत दिलेली ताडपत्री पाणी ओतून तपासली तर निर्दोष निघाली. ती भाड्याच्या नगांत गेली. असे भाड्याचे एकूण सहा नग झाले.

भाड्याचा अनुभव

भाडं दिवसाला ८० रुपये, अनामत ५००. हंगाम पंचवीस-तीस दिवसांचा असला तरी एक नग सरासरी ११ दिवसच बाहेर राहिला. सहा नगांचे मिळून ५,२८० रुपये आले. कारण उघड आहे: पाऊस येतो तेव्हा सगळ्यांना एकाच रात्री हवी असते, आणि पाऊस नसतो तेव्हा कुणालाच नको असते. शिवाय दोन दिवसांसाठी नेलेली ताडपत्री हडंब्याचा नंबर लागेपर्यंत परत येत नाही, त्यामुळे दुसऱ्याला शब्द देता येत नाही. परत आलेले नग चिखलाचे, ओले. ते धुऊन, वाळवून घडी घालायला दोघांना लागायचे.

सहा नगांची किंमत ११,४००. एका हंगामात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं असं धरलं तर ५,७०० झीज. म्हणजे पहिल्या वर्षी भाड्यात कमाई नाही, थोडी खोटच. नग दोन हंगामांपेक्षा जास्त टिकले तर मात्र त्यापुढचं भाडं जवळपास सगळं हातात राहील. तरीही भाडं ठेवण्याला माझ्या मते एक चांगलं कारण आहे. ज्याच्याकडे दोनच एकर आहेत आणि जो अडीच हजार घालू शकत नाही, त्याचं सोयाबीन यामुळे वाचतं, आणि तोच माणूस जूनमध्ये पन्नी घ्यायला याच दुकानात येतो.

उधारी

ऑक्टोबरच्या ७३,७८० रुपयांच्या एकूण आवकेत २१,००० उधारीचे होते. दुकानदाराने सुरुवातीला वहीत ‘माल विकल्यावर’ असं लिहून घेतलं. हा शब्द मोघम आहे. अनेक शेतकरी भाव वाढेल म्हणून सोयाबीन घरात ठेवतात, कुणी हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी करून नंबराची वाट पाहतो. माल विकलाच नाही, तर पैसे मागायचे कधी? महिन्याच्या मध्यापासून त्याने पद्धत बदलली. निम्मे रोख आणि बाकी लक्ष्मीपूजनाच्या आधी, तारीख लिहून. तारीख लिहिलेल्यांपैकी एक सोडून सगळ्यांचे पैसे आले. दिवाळीनंतर ८,००० बाकी राहिले, ते जवळजवळ सगळे ‘माल विकल्यावर’ वाल्या पानावरचे.

बिलाचा प्रश्न

काही जिल्हा परिषदा सेस फंडातून शेतकऱ्यांना ताडपत्रीसाठी अनुदान देतात. अनेकदा शेतकऱ्याने आधी स्वतः खरेदी करायची आणि जीएसटीचं पक्कं बिल जोडायचं अशी पद्धत असते. या दुकानात तशी काही गिऱ्हाइकं आली आणि परत गेली, कारण दुकानदाराची जीएसटी नोंदणी नव्हती. एवढ्या उलाढालीला ती सक्तीचीही नाही: मालाच्या व्यापारासोबत शिलाईसारखी सेवा देणाऱ्यालाही राज्यात २० लाखांपर्यंत सूट आहे. नोंदणी घेतली की विवरणपत्रं वेळच्या वेळी भरणं आलं, विक्री शून्य असलेल्या महिन्यांतही, आणि ते काम करणाऱ्याची फी आली. त्या वर्षी त्याने नोंदणी घेतली नाही.

हिशेब

दोन्ही हंगाम मिळून १,२८,७८० रुपये आवक झाली. विकलेल्या मालाची किंमत, परतीची खोट आणि भाड्याच्या नगांची झीज धरून खर्च १,०२,८५०. राहिले २५,९३०. त्यातून सहा महिन्यांचं व्याज ४,५०० आणि जाण्या-येण्याचा खर्च २,४०० वजा केला तर निव्वळ १९,०३०.

पण यातले ११,५०० रुपये उधारीत अडकलेले: ऑक्टोबरचे ८,००० आणि जूनच्या उधारीतले ३,५००. शिवाय ९,००० चे मोठ्यांचे रेनकोट अजून खुंटीला लटकत होते आणि हिशेबात ते पूर्ण किमतीने धरलेले होते. ते निम्म्या भावात काढावे लागले तर नफ्यातून आणखी साडेचार हजार जातील. ‘एकोणीस हजार सुटले’ हे वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे. दिवाळीला हातात नफ्याचे साडेसात हजार होते.

वेगळं काय करता आलं असतं

मे महिन्यात सगळे ८०,००० एकदम घालायची गरज नव्हती. जूनसाठी ४०,००० चा माल पुरला असता: पन्नी, मुलांचे रेनकोट आणि मोजक्या छोट्या ताडपत्र्या. अकोला दीड-दोन तासांवर आहे, माल संपला तर आठवड्यात परत आणता येतो. कर्जाचा अर्धा भाग सप्टेंबरमध्ये उचलला असता तर तीन महिन्यांचं व्याज वाचलं असतं आणि छोट्या मापात पैसा अडकला नसता.

मोठ्यांचे रेनकोट घ्यायलाच नको होते. गावात मोटारसायकलवाला एकदा रेनकोट घेतला की तीन-चार वर्षं वापरतो, आणि शेतात काम करणारा रेनकोट घालत नाही, त्यात घामाने जीव जातो. तो पन्नीच घेतो.

परतीची अट मे महिन्यातच व्यापाऱ्याशी बोलून बिलावर लिहून घ्यायला हवी होती. ऑगस्टमध्ये ८ टक्क्यांवर माल परत गेला तो व्यापाऱ्याच्या भलेपणामुळे. प्रत्येक जण घेईलच असं नाही, आणि उघडलेली गाठ कुणीच घेत नाही.

तपासणीची पट्टी आणि काटा पहिल्याच खरेदीला न्यायला हवा होता. मे महिन्यात ‘९० जीएसएम’ म्हणून घेतलेल्या ताडपत्र्यांतला एक उरलेला नग नंतर तोलला. १२ बाय १८ चा तो नग १.८ किलो भरायला हवा होता, दीड किलोच भरला.

जोडप्याने पुढच्या वर्षासाठी ठरवलं ते असं. मे महिन्यात ४०,००० आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उरलेले. २४ बाय ३० चे नग पंचवीस, भाड्याचे सहाच, नवे वाढवायचे नाहीत. इस्त्रीचं कौशल्य हातात आलंच आहे, तर फाटक्या ताडपत्रीला ठिगळ लावून द्यायचं काम फेब्रुवारी-मार्चपासून घ्यायचं, वीतभर ठिगळाचे ३० रुपये, नवं कडं बसवायचे ५. आणि एप्रिलमध्ये पंचायत समितीच्या कृषी विभागात जाऊन विचारायचं की यंदा ताडपत्रीची योजना आहे का, असेल तर किती जीएसएमची आणि कोणत्या मापाची लागते. त्या उत्तरावर जीएसटी नोंदणीचं ठरणार आहे.